भैय्यालालचा रकाना

कारखान्यात ट्रेनिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या यशवंतरावांना आपल्या मॅट्रिक्सचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नोंदींच्या जाळीचा, जेवढा अभिमान होता, तेवढा पोटच्या पोराचाही नसेल. पोरगा बिचारा पुण्यात कुठंतरी नोकरी करत होता, त्याचा विषय महिन्यातून एकदा निघायचा. मॅट्रिक्सचा विषय रोज निघायचा. कोणी पाहुणा आला की यशवंतराव खुर्ची वळवायचे, स्क्रीन त्याच्याकडं करायचे आणि म्हणायचे, "बघा. एक नजर, अख्खा कारखाना."

आणि पाहुणा बघायचा काय, तर हिरवा रंग. उभ्या रांगेत कामगारांची नावं, आडव्या रांगेत प्रशिक्षणं आणि तपासण्या. क्रेन, फोर्कलिफ्ट, उंचीवरचं काम, आग विझवणं, प्रथमोपचार, डोळे. प्रत्येक रकान्यात एक तारीख, त्या माणसाचं ते सर्टिफिकेट कधी मरणार त्याची. मरायला तीन महिन्यांहून जास्त अवकाश असला की रकाना हिरवा, तीन महिन्यांच्या आत आलं की पिवळा, मेलं की लाल. यशवंतरावांच्या मॅट्रिक्समध्ये लाल औषधालाही नव्हता. पिवळे पाच-सात, ते मुद्दाम शोभेला ठेवल्यासारखे.

पिंकी गजभिये सिलतऱ्याच्या त्या लोखंडाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी यशवंतरावांनी तिला हा दरबार दाखवला. "बघ पिंकी बेटा, हे सगळं मी स्वतः बनवलं. फॉर्म्युले पण माझेच." पिंकी बेटा! इंजिनीअरिंग झालेली, सेफ्टीचा डिप्लोमा केलेली, तिशी ओलांडलेली बाई, आणि हा तात्यापारा मोहल्ल्यातला म्हातारा तिला बेटा म्हणतो. शिपायापुढं म्हणतो, कंत्राटदारापुढं म्हणतो. भट्टीच्या बाजूला सेफ्टी शूज न घालता उभा राहून म्हणतो. पिंकीनं त्याच दिवशी मनातल्या मनात त्याचं नाव हिरवेबुवा ठेवून टाकलं.

हिरवेबुवांच्या मागं लागायला तिला वेळ नव्हता असं नाही, निमित्त नव्हतं. निमित्त डिसेंबरात मिळालं.

दर तिमाही संपायच्या आधी यशवंतराव एक यादी काढायचे. पुढच्या तीन महिन्यांत कोणाकोणाचं काय संपतंय, ते वेगळं काढून त्या त्या खात्याच्या साहेबाला पाठवायचं, म्हणजे तो त्या माणसाला पाळीतून मोकळा करेल आणि पुन्हा परीक्षेला पाठवेल. जानेवारी ते मार्चची यादी पिंकीच्या टेबलावर आली. तिनं सहज डोळ्यांचा रकाना पाहिला. क्रेन चालवणाऱ्यांपैकी एकही नाव नव्हतं.

"साहेब, क्रेनवाल्यांचे डोळे?"

"मे महिन्यात झाले ना बेटा. वर्षाची मुदत. पुढच्या मेपर्यंत हिरवे."

"पंचेचाळीसच्या वरच्यांचे दर सहा महिन्यांनी करावे लागतात. नियमच आहे तसा. खालच्यांना वर्ष, वरच्यांना सहा महिने."

यशवंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "सगळ्यांना वर्षच लावलंय मी. आजवर कोणी बोललं नाही."

आजवर कोणी बोललं नाही! पिंकीला हसावं की रडावं कळेना. तिनं त्यांच्याच मशीनवर बसून जन्मतारखेचा एक रकाना आत घातला. तपासणीच्या दिवशी वय पंचेचाळीस किंवा पुढं असेल तर सहा महिने मोज, नाहीतर बारा. बटण दाबलं. आणि बाई गं, काय तो रंग! डोळ्यांच्या उभ्या रांगेत तीन रकाने भडक लाल झाले. मेमध्ये तपासलेले, नोव्हेंबरातच मेलेले. म्हणजे ते पुढच्या तिमाहीच्या यादीत येणारच नव्हते, कधीचे उलटून गेले होते. आणि तरी तिघंही रोज क्रेनवर चढत होते.

त्यात सगळ्यात वर नाव होतं भैय्यालाल खोब्रागडे.

हे नाव पाहून पिंकीला एवढंसं वाईट वाटलं, पण चिंता नाही वाटली. भैय्यालाल काका तिच्याच गल्लीतले, गुढ़ियारीतले. तिचे बाबा जिवंत होते तेव्हा याच कारखान्यात ओतकामाला होते, आणि काका त्यांच्या डोक्यावर क्रेनच्या केबिनमध्ये. वितळलेल्या पोलादाची बादली, इथले लोक तिला लॅडल म्हणतात, ती काकांच्या हातानं अशी सरकायची की वर तरंग उठायचा नाही. आता बाबांच्या जागी तिचा धाकटा भाऊ बुद्धभूषण खाली उभा असायचा आणि वर काकाच. तिची आई म्हणायची, "भैय्यालाल वर हाय ना, मंग मले घोर नाई." घारीचे डोळे आहेत काकांचे, असं सगळी गल्ली म्हणायची. पिंकीही तेच धरून चालली होती.

"तिघांना आजच खाली उतरवा साहेब," ती म्हणाली.

"आणि पाळी कोण चालवणार? तू?" यशवंतराव हसले. "सोमवारी ग्राहकाचा ऑडिटर येतोय. नेमका त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला बोलावतो. ऑडिटरच्या समोर तपासणी! लाईव्ह! त्याला पण बघू दे आपली सिस्टिम. संध्याकाळपर्यंत सगळं हिरवं."

चूक स्वतःची, ती पकडली दुसऱ्यानं, आणि तिचाही हा माणूस देखावा करणार. निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते की नाही?

पिंकीनं मॅनेजरला पत्र लिहिलं. तिघांना उतरवा म्हणून. मॅनेजरनं खाली शेरा मारला: सोमवारी तपासणी आहे, तोवर काळजी घ्यावी. काळजी घ्यावी! कोणी घ्यावी, कशी घ्यावी, देव जाणे. पिंकीनं ते पत्र फायलीत लावलं आणि तिला त्या मॅनेजरचीही किळस आली.

पण खरी किळस तिला दुसऱ्या दिवशी आली, दवाखान्यात.

कारखान्याच्या दवाखान्यात एक लांब बाकडं आहे. पाळीवर जाण्याआधी क्रेनवाल्यांनी तिथं बसायचं, कंपाउंडर श्यामकांतच्या मशीनमध्ये फुंक मारायची, दारू प्यायलेली नाही हे सिद्ध करायचं आणि मग जायचं. रोजची पद्धत. पिंकी रजिस्टर बघायला गेली तेव्हा बाकड्यावर देवीदास नावाचा क्रेनवाला बसला होता, त्या लाल तिघांपैकी एक, यशवंतरावांचा खास लाडका. फुंक मारायला नंबर यायचा होता, तोवर हा समोर बघून गुणगुणत होता, "ई, एफ पी, टी ओ झेड, एल पी ई डी..."

पिंकीनं समोर पाहिलं. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. कारखाना सुरू झाला तेव्हापासून तिथंच, बाकड्याच्या बरोबर समोर. वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत जाणाऱ्या ओळी.

"पाठ केलाय का रे?"

देवीदासनं दात काढले. "मॅडम, रोज इथंच बसतो ना. कोणाले पाठ नाई? शेवटची ओळ बी सांगू का? डोळे मिटून सांगतो."

आणि सांगितली की त्यानं! डोळे मिटून! श्यामकांत खदाखदा हसला. वर म्हणतो कसा, "दीदी, आम्हालेच पाठ आहे, यांचं काय घेऊन बसलात."

तर अशी ही तपासणी. याच तक्त्यावर वर्षानुवर्षं सगळे पास. शहरातला डॉक्टर येतो, टेबलापाशी बसून चहा पितो, पाठीमागं तक्ता, पुढं फॉर्म. श्यामकांत छडी घेऊन उभा राहतो, माणूस पाठ म्हणतो, डॉक्टर सही करतो, हिरवेबुवा रकाना हिरवा करतात. एकाही गाढवाच्या डोक्यात आलं नाही की बाबा, तक्ता तरी बदला. पिंकीनं त्या सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. गुढ़ियारीत वाढलेल्या पोरीला शिव्या कमी पडत नाहीत.

आणि मग तिला ती कल्पना सुचली, आणि कल्पना सुचल्याबरोबर ती इतकी खुश झाली की घरी येताना एकटीच हसत होती. सोमवारी सकाळी लवकर जायचं, तक्ता बदलायचा. तसाच पांढरा कागद, तशीच काळी अक्षरं, फक्त अक्षरं वेगळी. कोणाला सांगायचं नाही. देवीदास उठेल, ऑडिटरच्या समोर छाती फुगवून ई एफ पी म्हणेल, आणि ऑडिटर म्हणेल, हे काय? मग हिरवेबुवांचं तोंड! त्या तोंडासाठी ती काहीही द्यायला तयार होती. तपासणी बदलून मागायची असती तर तिनं शुक्रवारीच लेखी मागितली असती. तिला तपासणी नको होती, तमाशा हवा होता.

रविवारी संध्याकाळी भैय्यालाल काका घरी आले. ते असे सहसा यायचे नाहीत. कलावती काकूंनी पाठवलेले शेवेचे लाडू आईच्या हातात दिले, बुद्धभूषणच्या पाठीवर थाप मारली आणि दारातच उभे राहून म्हणाले, "काहून पोरी, मे महिन्यात तर झाली होती ना तपासनी. आता परत काहून?"

"वय झालं ना काका. पंचेचाळीसच्या वर दर सहा महिन्यानं."

"हव," काका म्हणाले. थोडा वेळ चपलेशी चाळा करत राहिले. "दवाखान्यातच राहीन ना? त्याच भिंतीवर?"

"त्याच भिंतीवर, काका."

"मंग बरं हाय," काका म्हणाले आणि गेले.

पिंकीला तेव्हाच उमगायला हवं होतं. घारीचे डोळे असलेल्या माणसाला भिंतीशी काय करायचंय? पण तिच्या डोक्यात दुसऱ्या दिवशीचा तमाशा नाचत होता. तिनं लाडू तोंडात टाकला आणि नव्या तक्त्याची गुंडाळी बॅगेत ठेवली.

सोमवारी दवाखान्यात लग्नघरासारखी गर्दी. यशवंतराव कोट घालून आले होते. ऑडिटर, नागपूरहून आलेला जाडसर माणूस, खुर्चीत बसून फोनवर बोट फिरवत होता. डॉक्टर चहा पीत होता, पाठ तक्त्याकडं. श्यामकांत छडी मागं धरून लोकांकडं तोंड करून उभा, कारण तक्ता बघायची त्याला गरजच नव्हती, पाठ होता ना! नवा तक्ता त्या सगळ्यांच्या मागं भिंतीवर शांतपणे लटकत होता. पिंकी दाराला टेकून उभी राहिली आणि हसू दाबत राहिली.

"आधी देवीदास ना साहेब?" तिनं विचारलं. यादी तिनंच तशी लावली होती.

"छे छे!" यशवंतराव म्हणाले. "आधी आपला हिरा. भैय्यालाल! ये रे. ऑडिटर साहेब, हा आमचा सगळ्यात जुना क्रेन ऑपरेटर. आजवर एक थेंब सांडला नाही याच्या हातून."

पिंकीनं हातातल्या यादीकडं पाहिलं. काकांना काय होणार आहे? काका वाचतील, बरोबर वाचतील, मग देवीदासची पाळी. तिनं एक शब्द बोलायला हवा होता, तक्ता नवा आहे काका, बस्स एवढाच. नाही बोलली. तमाशाची गोडी असते बाबा, ती सुटत नाही.

भैय्यालाल रेषेवर उभे राहिले. डावा डोळा तळव्यानं झाकला. घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणू लागले, "ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी..."

पिंकीनं तक्त्याकडं पाहिलं. सगळ्यात वर, तळहाताएवढं मोठं, एच होतं.

काका थांबले नाहीत. खालची ओळ, त्याखालची ओळ, अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा, एकही अक्षर न चुकता. जुन्या तक्त्याचं. मग उजवा डोळा झाकला आणि पुन्हा पहिल्यापासून. भिंतीवर जे होतं त्यातलं एकही अक्षर त्यांच्या तोंडून बाहेर आलं नाही. तळहाताएवढं मोठं एचसुद्धा त्यांना दिसलं नव्हतं.

"व्वा!" यशवंतरावांनी टाळी वाजवली. "बघितलं साहेब?"

ऑडिटरनं फोनवरून मान वर केली, "बढिया, बढिया" म्हटलं आणि मान खाली घातली. डॉक्टरनं सही केली. श्यामकांतनं मान डोलावली. त्या खोलीत एकानंही, एका माणसानंही, भिंतीकडं पाहिलं नव्हतं.

पिंकीचा सापळा लागला होता. त्यात सापडले होते काका, आणि ते तिच्याशिवाय कोणाला दिसलंही नव्हतं.

"पिंकी बेटा, टाक तारीख," यशवंतराव म्हणाले. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. "सहा महिने ना? तुझाच नियम. कर हिरवा."

ती लॅपटॉपपाशी गेली. भैय्यालाल खोब्रागडे, डोळे. लाल रकाना. आजची तारीख टाकली की जूनपर्यंत हिरवा. काका शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसत होते, सुटल्यासारखे हसत होते. दुपारी दोनला त्यांची पाळी. दोनला बुद्धभूषणचीही पाळी. ती आयुष्यभर ज्या लोकांना हसली, जे न बघता सही करतात, त्यांच्यात सामील व्हायला आता एक तारीख पुरत होती. आणि न व्हायचं तर काकांना सगळ्यांच्या समोर आंधळं म्हणायचं होतं.

मग तिनं लॅपटॉप सोडला आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, जरा मागं वळून बघा. तक्ता सकाळी मी बदललाय."

डॉक्टर वळला. श्यामकांत वळला. ऑडिटर उठून उभा राहिला. यशवंतराव मात्र तिच्याकडं बघत राहिले, त्यांना अजून कळलं नव्हतं. भैय्यालाल काकांना कळलं. ते भिंतीकडं बघत राहिले, डोळे बारीक करून, मान पुढं काढून, आणि त्यांना तरीही काही दिसत नव्हतं हे सगळ्यांना दिसलं.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसंच झालं. डॉक्टरनं बॅटरी काढली, दोन्ही डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, मोतीबिंदू, दोन्हीकडं, चांगला पिकलाय. ऑपरेशन होईल, मग पुन्हा तपासणी, पास झाला तर पुन्हा क्रेन. तोवर खाली. देवीदासला आणि तिसऱ्याला शहरातल्या दवाखान्यात, तिथल्या तक्त्यावर तपासायला पाठवायचं ठरलं. आणि हिरवेबुवांचं तोंड? ते एक क्षणभर पडलं, बस्स. मग तो माणूस ऑडिटरकडं वळून म्हणाला, "बघा साहेब, आमची सिस्टिम कशी आहे! आमचीच सेफ्टी ऑफिसर, आमच्याच ऑपरेटरला पकडते!" ऑडिटरनं वहीत लिहिलं, चांगली पद्धत. ज्या तोंडासाठी तिनं सगळं केलं होतं, ते तोंड असं फुगलं होतं. थू!

पण त्या दिवशी पिंकीला त्याच्यावर धड थुंकताही येईना. थुंकायला तोंड उरलं नव्हतं. त्या खोलीत आणखी एक माणूस होतं, ती स्वतः, जिनं बघूनही बघितलं नव्हतं, रविवारी दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडं.

काका गेटबाहेर चहाच्या टपरीपाशी बसले होते. हेल्मेट मांडीवर. पिंकी जवळ जाऊन उभी राहिली.

"काका, मला माहीत नव्हतं. खरंच. मी त्या देवीदाससाठी..."

"मले घरीच सांगतलं असतं ना पोरी," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसवलं नाही. "मी सोताच खाली उतरलो असतो. चार मान्सांत काहून उभं केलं मले?"

"तुम्ही तरी सांगायचं ना! दिसत नव्हतं तर! खाली माणसं असतात, काका!"

"कोनाले सांगू? तुह्या आईले? थे म्हनते भैय्यालाल वर हाय मंग घोर नाई. तिले कसं सांगू?"

पिंकीला रागही आला आणि रडूही आलं. ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"कधीपासून?"

"झाले दोन साल." काकांनी हेल्मेट उलटं केलं, आतला घामानं काळा पडलेला पट्टा अंगठ्यानं चोळला. "लॅडल दिसते. लाल राहते ना थे, उजेड राहते. मान्सं नाई दिसत."

"आणि बुद्धभूषण?"

"त्याले सांगून ठेवलं होतं म्या. बेटा, खाली असला की वरडत राय. तो गाने म्हनते मोठ्यानं. त्याले वाटे का काकाले गाने आवडतात." काका तिच्याकडं वळले, पण नजर जरा बाजूला पडली, तिच्या कानापाशी. "आवाज आला का मी लॅडल दुसऱ्या बाजूनं नेत होतो."

दोनचा भोंगा झाला. पाळीवर जाणारी माणसं गेटातून आत शिरू लागली. त्यात बुद्धभूषण होता. काकांना बघून त्यानं हात हलवला, काकांनी हलवला नाही. मग त्यानं लांबूनच काहीतरी मोठ्यानं म्हटलं, आणि काकांनी लगेच हात वर केला.

पिंकी उठली आणि आत जाऊन तिनं तो रकाना लालच ठेवला.